राजकोषीय, महसुली आणि प्राथमिक तूट: एकाच उदाहरणाची तीन वेगळी उत्तरे का येत आहेत?

गिरगावकर_मावशी

नमस्कार मंडळी. माझा भाचा बारावी वाणिज्य शाखेत आहे आणि संध्याकाळी अभ्यासाला माझ्याकडे येतो. त्याच्या सराव संचातील एका उदाहरणावर आमच्या घरात एकमत होत नाही, म्हणून ते जसेच्या तसे येथे देत आहे. सर्व रकमा कोटी रुपयांत आहेत.

सरकारची महसुली जमा ६८० असून त्यात दिलेल्या कर्जांवरील व्याजाचे २० आहेत. भांडवली जमा ४२० असून त्यात कर्जवसुली ३०, निर्गुंतवणूक ५० आणि उभारलेली कर्जे व इतर देयता ३४० आहेत. महसुली खर्च ८५० असून त्यात व्याजापोटी दिलेले २१० आहेत. भांडवली खर्च २५० आहे. महसुली तूट, राजकोषीय तूट आणि प्राथमिक तूट काढायची आहे.

महसुली तूट १७० येते, याबद्दल वाद नाही. राजकोषीय तूट मात्र भाच्याने ४२० काढली आहे आणि संचाच्या शेवटी उत्तर ३४० छापले आहे. शेजारी राहणाऱ्या एका पदवीधर मुलाने तर तूट शून्य आहे असे सांगितले, कारण त्याच्या मते एकूण जमा आणि एकूण खर्च दोन्ही ११०० आहेत. नुसते बरोबर उत्तर मला नको आहे. उरलेली दोन उत्तरे नेमकी कोणत्या पायरीवर घसरतात, हे त्या मुलाला समजावून सांगता यावे एवढीच इच्छा आहे.

पार्ले_वाणिज्य

मावशी, भाच्याचे उत्तर मला बरोबर वाटते. राजकोषीय तूट काढताना कर्ज हे उत्पन्न धरायचे नसते, हा मूळ नियम आहे. कर्ज भांडवली जमेत असते, म्हणून भांडवली जमा बाजूला ठेवायची आणि एकूण खर्चातून फक्त महसुली जमा वजा करायची. ११०० वजा ६८० म्हणजे ४२०. पुढे प्राथमिक तूट काढण्यासाठी त्यातून व्याजाचे २१० वजा केले की २१० उरतात. छापील उत्तरात चूक असण्याची शक्यता मी नाकारणार नाही, कारण सराव संचांमध्ये अशा चुका असतातच.

गोरेगाव_खजिनदार

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार आहे, त्यामुळे हिशेब जुळवण्याचा अनुभव आहे. शेजारच्या मुलाचे म्हणणे मला पटते. गेल्या वर्षी आम्ही लिफ्ट बदलली. वर्गणी कमी पडत होती, म्हणून बँकेकडून कर्ज घेतले, आणि वार्षिक सभेत सभासदांसमोर जमा-खर्च मांडला तेव्हा दोन्ही बाजू रुपयापर्यंत जुळल्या. कोणीही तूट आहे असे म्हटले नाही. सरकारचीही जमा ११०० आणि खर्च ११०० असेल, तर तूट कुठून आली? की प्रश्नातच काहीतरी सुटले आहे?

लेखाशीर्ष

मी राज्य शासनाच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे आणि अर्थसंकल्पीय अंदाजांचे काम अनेक वर्षे केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी खजिनदारांच्या मुद्द्याला उत्तर देतो, कारण शून्य हे उत्तर जिथून येते तिथेच संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली आहे.

खजिनदार साहेब, आपल्या सभेत दोन्ही बाजू जुळल्या त्या बँकेचे कर्ज जमेच्या बाजूला लिहिल्यामुळे. ते कर्ज खोडून पाहिले असते, तर वर्गणी आणि इतर आवक खर्चाला किती कमी पडत होती ते लगेच दिसले असते, आणि जेवढी कमतरता तेवढेच कर्ज असे समीकरण आपल्यासमोर उभे राहिले असते. राजकोषीय तूट हीच कमतरता मोजते. वर्षभरात सरकारला कर्ज वगळता इतर सर्व मार्गांनी जे मिळाले, त्यापेक्षा खर्च किती जास्त झाला, हा तिचा प्रश्न आहे. या प्रश्नात कर्जाला जमा म्हणून धरले, तर जे मोजायचे आहे तेच आपण भरून टाकतो आणि उत्तर नेहमी शून्य किंवा शून्याच्या आसपास येते.

शून्य येणे पूर्वी अगदीच निरर्थक नव्हते, हेही येथे नोंदवून ठेवतो. सर्व जमा, कर्जासकट, एकूण खर्चातून वजा करून जी तूट येई तिला अर्थसंकल्पीय तूट म्हणत. ती रिझर्व्ह बँकेला तदर्थ कोषागार पत्रे देऊन भरली जाई. एप्रिल १९९७ पासून ती तदर्थ पत्रे बंद झाली, अल्पकाळच्या गरजेसाठी अर्थोपाय अग्रिमांची सोय आली, आणि त्या जुन्या तुटीचे प्रयोजनच संपले. शेजारच्या मुलाने कळत नकळत ती जुनी तूट काढली आहे. प्रश्नाने ती विचारलेली नाही.

आता ४२० कडे येतो. पार्ल्याच्या मित्राचा पहिला अर्धा विचार पूर्णपणे बरोबर आहे: कर्ज धरायचे नाही. घसरण पुढच्या पायरीवर आहे, कारण भांडवली जमा म्हणजे फक्त कर्ज नव्हे. या उदाहरणात त्या ४२० मध्ये ८० असे आहेत की जे सरकारला कोणालाही परत करायचे नाहीत. सरकारने पूर्वी कोणाला तरी दिलेल्या कर्जाचे ३० परत आले, आणि एखाद्या सार्वजनिक उपक्रमातील आपले भाग विकून ५० मिळाले. दोन्हींमुळे सरकारची मालमत्ता कमी झाली आहे, म्हणून ही जमा महसुली नाही. पण त्यांच्यामुळे नवे देणे उभे राहिलेले नाही, म्हणून ती कर्जही नाही. खर्चाचा तेवढा भाग या ८० ने भागवला, तेव्हा कर्ज काढण्याची गरज ८० ने कमी झाली.

म्हणून हिशेब असा होतो. एकूण खर्च ८५० अधिक २५०, म्हणजे ११००. कर्जाशिवायची जमा ६८० अधिक ३० अधिक ५०, म्हणजे ७६०. फरक ३४०. छापील उत्तर बरोबर आहे. आणि त्याची पडताळणी प्रश्नातच दडलेली आहे: उभारलेली कर्जे व इतर देयता ही रक्कमही ३४० च दिली आहे. खर्चाच्या बाजूने काढलेली तूट आणि ती भरण्यासाठी उभारलेली रक्कम जुळलीच पाहिजे. ज्या उदाहरणात कर्जाची रक्कम स्वतंत्र दिली असेल आणि एकूण जमा व एकूण खर्च समान असतील, तिथे ४२० आल्याबरोबर विद्यार्थ्याच्या मनात शंका यायला हवी, कारण सरकारने ३४० च उभारले असतील तर उरलेले ८० आले कुठून, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते.

प्राथमिक तूट ३४० वजा २१०, म्हणजे १३०.

पार्ले_वाणिज्य

लेखाशीर्ष सर, कर्जवसुलीचे समजले. निर्गुंतवणुकीबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. भाग विकून आलेले पैसे दरवर्षी येणार नाहीत, आणि ती एक प्रकारे घरातील दागिना मोडण्यासारखी गोष्ट आहे. ती वजा करून तूट कमी दाखवणे योग्य आहे का? आणि दुसरे असे की, महसुली तूट १७० आहे आणि व्याज २१० आहे, तर प्राथमिक तूट १७० वजा २१०, म्हणजे उणे ४०, असेही एका मार्गदर्शकात वाचल्याचे आठवते. मग १३० कशी?

लेखाशीर्ष

आपला पहिला प्रश्न फार चांगला आहे आणि तो उदाहरण सोडवण्यापेक्षा मोठा आहे. राजकोषीय तूट ही कर्जाची गरज मोजते, सरकार श्रीमंत झाले की गरीब हे मोजत नाही. म्हणून भाग विकून तूट कमी होते, पण सरकारची निव्वळ संपत्ती तेवढीच राहते: कर्ज ५० ने कमी वाढले आणि मालमत्ताही ५० ने घटली. या मापाची ही खरी मर्यादा आहे, आणि निर्गुंतवणुकीच्या जमेला तूट भरण्याचे साधन मानून राजकोषीय तुटीतच ठेवावे असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. त्यांच्या पद्धतीने या उदाहरणात ३९० येईल. परंतु केंद्र सरकारचा अर्थसंकल्प निर्गुंतवणूक कर्जाशिवायच्या जमेत धरतो आणि परीक्षाही तीच पद्धत वापरते, म्हणून उत्तरपत्रिकेत ३४० च लिहावे.

दुसऱ्या शंकेबद्दल एवढेच सांगतो की व्याज राजकोषीय तुटीतूनच वजा करायचे असते. प्राथमिक तूट विचारते की यंदा काढलेल्या कर्जापैकी किती कर्ज यंदाच्याच निर्णयांमुळे लागले आणि किती जुन्या कर्जांचे व्याज भरण्यात गेले. येथे काढलेल्या ३४० पैकी २१० एवढी रक्कम जुन्या कर्जांच्या व्याजाएवढी आहे, आणि १३० यंदाच्या जमा-खर्चाने निर्माण केले. महसुली तुटीतून व्याज वजा केले, तर भांडवली खर्चासाठी काढलेले कर्ज हिशेबातून गळून पडते. उणे ४० हा आकडा महसुली खात्याबद्दल काहीतरी सांगतो खरा, तो प्राथमिक महसुली शिल्लक म्हणून वेगळा मोजला जातो, परंतु येथे तो विचारलेला नाही.

परळ_शिक्षिका

मी परळमध्ये रात्रशाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमचे बरेच विद्यार्थी दिवसा नोकरी करतात आणि थकून वर्गात येतात. त्यांना सूत्र पाठ असते, पण प्रश्नातील शब्द बदलला की गोंधळ होतो. लेखाशीर्ष सरांच्या विवेचनाला मी अध्यापनाच्या बाजूने एक जोड देते.

मी मुलांना राजकोषीय तूट दोन वाटांनी काढायला लावते. एक वाट सरांनी दाखवली. दुसरी वाट महसुली तुटीपासून सुरू होते. महसुली तूट १७० आहे, म्हणजे रोजच्या चालू खर्चालाच १७० कमी पडले. त्यावर भांडवली खर्चाचे २५० आले, म्हणजे ४२० ची गरज झाली. त्यातले ८० कर्जवसुली आणि निर्गुंतवणुकीने भागले, उरले ३४०. या वाटेवर भाच्याचे ४२० हे उत्तर मधल्या थांब्यावर दिसते, आणि शेवटची पायरी राहून गेली आहे हे त्याला स्वतःलाच कळते. मावशी, आपण त्याला असेच समजावून सांगावे असे मला वाटते.

या वाटेचा आणखी एक उपयोग आहे. राजकोषीय तूट महसुली तुटीपेक्षा नेहमीच मोठी असते, असा समज मुलांमध्ये पक्का असतो. तो केव्हा खरा ठरतो हे इथे दिसते: भांडवली खर्च कर्जाशिवायच्या भांडवली जमेपेक्षा जास्त असेल तेव्हा. वरील उदाहरणातच निर्गुंतवणूक ५० ऐवजी ३०० असती, तर १७० अधिक २५० वजा ३३०, म्हणजे राजकोषीय तूट ९० आली असती आणि ती महसुली तुटीपेक्षा कमी असती. असे उत्तर आले की मुले घाबरून खोडतात. पायऱ्या बरोबर असतील तर खोडण्याचे कारण नाही.

कल्याण_पहाटगाडी

मी राज्यसेवेची तयारी करत आहे आणि प्रवासात उदाहरणे सोडवतो. कृपया हे पाहावे. महसुली तूट ८०, भांडवली खर्च ३००, कर्जवसुली २०, निर्गुंतवणूक ४०, प्राथमिक तूट १७०. तर व्याजापोटी दिलेली रक्कम किती? महसुली जमा दिलेली नाही, महसुली खर्च दिलेला नाही आणि एकूण खर्चही दिलेला नाही. माझ्या मते प्रश्न अपुरा आहे आणि पर्यायांतील ‘माहिती अपुरी’ हाच पर्याय निवडावा लागेल.

परळ_शिक्षिका

कल्याणचे दादा, माहिती पुरेशी आहे. महसुली जमा आणि महसुली खर्च वेगवेगळे माहीत असण्याची गरज नाही, कारण त्यांचा फरक, म्हणजेच महसुली तूट, आपल्या हाती आहे. दुसऱ्या वाटेने जा: ८० अधिक ३०० वजा ६०, राजकोषीय तूट ३२०. प्राथमिक तूट १७० दिली आहे, म्हणून व्याज १५०. एकूण खर्च न दिलेली उदाहरणे बहुधा हीच वाट तपासण्यासाठी घातलेली असतात.

कल्याण_पहाटगाडी

आभारी आहे, मॅडम. मग मावशींच्या उदाहरणाबद्दल एक प्रश्न राहतो. महसुली जमेत २० व्याजाचे आहेत असे मुद्दाम सांगितले आहे. सरकार २१० व्याज देते आणि २० घेते, तर निव्वळ व्याज १९० झाले. प्राथमिक तूट ३४० वजा १९०, म्हणजे १५० का नाही?

लेखाशीर्ष

ते २० मुद्दामच टाकलेले आहेत, आणि आपण ज्या जाळ्यात अडकलात तेच ते जाळे आहे. ते २० महसुली जमेच्या ६८० मध्ये आधीच मोजले गेले आहेत, त्यामुळे ३४० या तुटीवर त्यांचा परिणाम होऊन गेला आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पात प्राथमिक तूट काढताना राजकोषीय तुटीतून व्याजापोटी दिलेली संपूर्ण रक्कम वजा करतात, मिळालेल्या व्याजाशी तिची वजावट करत नाहीत. निव्वळ व्याजावर आधारलेले एक वेगळे मापही वाङ्मयात आहे, परंतु त्यात राजकोषीय तूटही निव्वळ स्वरूपात घ्यावी लागते, म्हणजे सरकारने दिलेली नवी कर्जे आणि वसूल झालेली जुनी कर्जे यांचा फरक बाजूला काढावा लागतो. व्याज निव्वळ आणि तूट ठोक, अशी मिसळ करून काढलेल्या १५० ला कोणत्याच पद्धतीत जागा नाही.

सरावासाठी प्रत्यक्ष आकडे हवे असतील तर २०२५-२६ चे केंद्रीय अर्थसंकल्पीय अंदाज घ्यावेत, कारण ते वरील उदाहरणासारखेच मांडलेले आहेत. रकमा कोटी रुपयांत आहेत. महसुली जमा ३४,२०,४०९. कर्जवसुली २९,००० आणि इतर भांडवली जमा, ज्यात निर्गुंतवणूक येते, ४७,०००. महसुली खर्च ३९,४४,२५५ आणि त्यातील व्याज १२,७६,३३८. भांडवली खर्च ११,२१,०९०. मुलाला आधी उत्तर सांगू नये.

गिरगावकर_मावशी

आम्ही दोघांनी कागदावर केले. महसुली तूट ५,२३,८४६ आली. त्यावर भांडवली खर्च मिळवून आणि ७६,००० वजा करून राजकोषीय तूट १५,६८,९३६ आली. व्याज वजा केल्यावर प्राथमिक तूट २,९२,५९८. मॅडमची वाट भाच्याला चटकन उमगली. त्याने स्वतःहून विचारले की कर्जाच्या एवढ्या मोठ्या रकमेतील इतका मोठा भाग जुन्या व्याजाएवढा असेल, तर दरवर्षी नवे काय होते? त्याला काय सांगावे?

लेखाशीर्ष

तिन्ही उत्तरे अर्थसंकल्पातील आकड्यांशी तंतोतंत जुळतात. त्यावेळी अंदाजलेल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत त्या तिन्ही तुटी अनुक्रमे १.५, ४.४ आणि ०.८ टक्के मांडलेल्या आहेत.

भाच्याला सांगा की त्याने योग्य जागी बोट ठेवले आहे. कर्जाच्या दर १०० रुपयांमागे सुमारे ८१ रुपये व्याजाच्या रकमेएवढे आहेत. यावरून कर्जातून फक्त व्याज भरले असे मात्र म्हणता येत नाही, कारण पैसा एकाच पेटीत येतो आणि एकाच पेटीतून जातो. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर महसुली तूट राजकोषीय तुटीच्या साधारण एक तृतीयांश आहे, म्हणजे कर्जाचा तेवढा हिस्सा चालू खर्चाकडे वळला आणि उरलेला भांडवली बाजूस गेला. मावशींच्या उदाहरणात हाच हिस्सा निम्मा होता, ३४० पैकी १७०. तुटीचे आकारमान सारखे असले तरी तिची जात अशी वेगळी असू शकते, आणि म्हणूनच तिन्ही तुटी एकत्र वाचाव्या लागतात.

त्यातही एक पोटभेद आहे. केंद्राने राज्यांना व इतरांना मालमत्ता उभारण्यासाठी दिलेली अनुदाने महसुली खर्चातच लिहिली जातात, कारण उभी राहिलेली मालमत्ता केंद्राच्या मालकीची नसते. त्या वर्षी ही अनुदाने ४,२७,१९२ कोटी अंदाजली होती. ती वजा केली की प्रभावी महसुली तूट ९६,६५४ कोटी उरते. प्रश्नात ‘प्रभावी’ हा शब्द असेल तरच ही वजावट करावी.

पार्ले_वाणिज्य

सर, येथे एक विसंगती दिसते. त्याच अर्थसंकल्पाच्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत आले होते की सरकार बाजारातून १४.८२ लाख कोटींची कर्जउभारणी करणार आहे. तूट तर १५.६९ लाख कोटी आहे. आपण म्हणालात की तूट आणि कर्ज जुळलेच पाहिजे. मग ते जुळत का नाही?

लेखाशीर्ष

कारण १४.८२ लाख कोटी ही दिनांकित रोख्यांची ठोक विक्री आहे. रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने ज्या रोख्यांचे लिलाव करते, त्यांची ती बेरीज आहे. त्यातील काही रक्कम त्याच वर्षी मुदत संपणाऱ्या जुन्या रोख्यांचे मुद्दल परत करण्यात जाते. ती वजा केल्यावर निव्वळ बाजार कर्ज ११.५४ लाख कोटी अंदाजलेले होते. तुटीचा उरलेला भाग अल्पबचतीसारख्या इतर मार्गांनी भरायचा असतो. मावशींच्या प्रश्नात ‘कर्जे व इतर देयता’ असे शब्द आहेत, त्यांत हे सारे मार्ग येतात, आणि तीही मुद्दल परतफेड वजा केलेली निव्वळ रक्कम असते. म्हणून जुळवणी त्या निव्वळ बेरजेशी करावी. ठोक बाजार कर्जाशी करू नये.

परळ_शिक्षिका

सर, येथे मला थोडी वेगळी भूमिका मांडावी लागेल. आपण म्हणता ते केंद्राच्या कागदपत्रांबाबत खरे आहे. परंतु बारावीच्या वर्गात जुन्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड हा भांडवली खर्चाचा प्रकार म्हणूनच शिकवला जातो, कारण तिच्यामुळे सरकारची देयता कमी होते. आता समजा, मावशींच्याच उदाहरणात ‘भांडवली खर्च २५०, त्यापैकी कर्जाची परतफेड ४०’ असे लिहिले असते. परीक्षार्थीने २५० घ्यावेत की २१०?

लेखाशीर्ष

अर्थसंकल्पाच्या रीतीने २१० घ्यावेत. परतफेडीचे ४० एकूण खर्चातून बाहेर काढले की खर्च १०६० होतो, त्यातून ७६० वजा केल्यावर राजकोषीय तूट ३०० येते. कर्जाच्या बाजूनेही ठोक ३४० मधून ४० वजा केले की निव्वळ ३०० च येतात, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. अर्थही सरळ आहे: जुने ४० फेडायला नवे ४० काढले, तर सरकारचे एकूण कर्ज तसूभरही वाढले नाही, मग त्याला तूट का म्हणावे? प्राथमिक तूट मग ९० होईल.

परळ_शिक्षिका

अर्थ पटतो. पण विद्यार्थ्याच्या हातात तीन मिनिटे आणि एक सूत्र असते, आणि सूत्र एकूण खर्चातून कर्जाशिवायची जमा वजा करा असे सांगते. त्या सूत्राप्रमाणे चालणारा परीक्षक ३४० ला गुण देईल आणि ३०० लिहिणाऱ्याला कदाचित देणार नाही. माझ्या वर्गात मी असे सांगते की प्रश्नात परतफेड वेगळी दाखवली असेल, तर कर्जाची रक्कम निव्वळ दिली आहे की ठोक, हे आधी पाहावे. निव्वळ दिली असेल तर परतफेड आधीच वजा झालेली आहे, म्हणून खर्चातूनही काढावी. काहीच सांगितले नसेल, तर दिलेला भांडवली खर्च तसाच घ्यावा आणि उत्तराखाली एका ओळीत आपले गृहीतक लिहावे.

लेखाशीर्ष

गृहीतक लिहिण्याला माझी हरकत नाही. मात्र ३४० ला ‘तूट’ म्हणवून घेणे मला आजही योग्य वाटत नाही, कारण त्या विद्यार्थ्याने पुढे कधी अर्थसंकल्पाचे कागद उघडले, तर परतफेडीची रक्कम तुटीत शोधत बसेल आणि ती तेथे सापडणार नाही.

गोरेगाव_खजिनदार

मला आता आमच्या संस्थेबद्दलच विचारायचे आहे. लिफ्टच्या कर्जाचा हप्ता आम्ही दरमहा भरतो, त्यात काही भाग व्याज आणि काही मुद्दल असते. पुढच्या सभेत सभासदांना ‘खरी तूट’ दाखवायची झाली, तर पूर्ण हप्ता खर्चात धरू का?

लेखाशीर्ष

खजिनदार साहेब, वरील रीतीने व्याजाचा भाग चालू खर्चात येईल आणि मुद्दलाचा भाग तुटीत येणार नाही, कारण त्यामुळे आपले देणे तेवढे कमी होते. आपल्या संस्थेचे अधिकृत हिशेबपत्रक मात्र सहकारी संस्थांच्या नियमांप्रमाणेच ठेवावे लागते, त्यात ही मांडणी घुसवू नये. सभासदांच्या माहितीसाठी वेगळा कागद करावा.

कल्याण_पहाटगाडी

परतफेडीच्या वादावर माझा एक व्यावहारिक प्रश्न आहे. राज्यसेवेच्या बहुपर्यायी प्रश्नात गृहीतक लिहायला जागाच नसते. पर्यायांत ३०० आणि ३४० दोन्ही असतील तर काय करावे?

परळ_शिक्षिका

प्रश्नात कर्जाची रक्कम दिली असेल तर जुळवणी करून पाहा. दोहोंपैकी एकच पर्याय त्या रकमेशी जुळेल. कर्ज ‘निव्वळ’ ३०० दिले असेल तर ३००, आणि कोणताही शब्द न लावता ३४० दिले असेल तर प्रश्नकर्त्याच्या मनात ३४० आहे असे मी धरेन. कर्जाची रक्कम मुळातच दिलेली नसेल, तर मी सूत्राबरोबर जाईन. लेखाशीर्ष सर यावर सहमत होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

लेखाशीर्ष

जुळवणीपर्यंत सहमत आहे. कर्जाची रक्कम न देता परतफेड तेवढी वेगळी दाखवणारा प्रश्नकर्ता ती रक्कम कशासाठी देतो, याचा विचार केला तर मी ३०० निवडेन. ती रक्कम वजा करायची नसती, तर ती सांगण्याचे काही कारण नव्हते.

परळ_शिक्षिका

पण सर, याच धाग्यावरील उदाहरणात व्याजाच्या जमेचे २० सांगितले होते, आणि ते कोठेही वजा करायचे नव्हते.